टाकीत उतरण्याआधी : वाफ, गाळ आणि न तोडलेली लाइन

१ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेतल्या नेतिवली-चक्कीनाका परिसरात एक माणूस विहीर साफ करायला उतरला आणि वर आला नाही. त्याला पाहायला दुसरे उतरले, तेही आले नाहीत. मग अग्निशमन दलाचे जवान आले आणि त्यांच्यातलेही दोघे आतच राहिले. एका विहिरीत पाच जण गेले. शेजारच्या नाल्यातले सांडपाणी त्या विहिरीत झिरपत होते, असे तेव्हा आसपासचे लोक सांगत होते.

ही विहीर होती, टाकी नव्हे. तरीही टाकी साफ करणाऱ्याला जे जाणून घ्यायचे आहे ते सगळे या घटनेत आहे. तळाशी गाळ होता. गाळात कोंडलेला वायू होता. बाहेरून येणारा एक रस्ता होता, जो कोणी बंद केलेला नव्हता. आणि आत पडलेला माणूस पाहून उतरणारा दुसरा माणूस होता. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ठाण्यात ढोकाळीच्या एका गृहसंकुलात सांडपाणी शुद्धीकरणाची टाकी साफ करताना तिघे गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चौघे गेले. तिथे ना रसायन होते ना मैला.

हा लेख मुख्यतः डोंबिवली, अंबरनाथ, वागळे इस्टेट इथल्या लहान युनिटमध्ये सॉल्व्हंटची टाकी साफ करून घेणाऱ्या मालकांसाठी आणि सुपरवायझरसाठी आहे. सोसायटीच्या कमिटीसाठीही शेवटी थोडे आहे. उदाहरणाला एकच टाकी घेऊ. डोंबिवली एमआयडीसीतल्या एखाद्या रंग किंवा डाय बनवणाऱ्या युनिटमध्ये असते तशी वीस हजार लिटरची, म्हणजे वीस घनमीटरची, लोखंडी, उभी टाकी. आत टोल्यूइन असायचे. पंपाने टाकी ओढून घेतली, लेव्हल ग्लासमध्ये काही दिसत नाही, आणि सगळे म्हणतात की टाकी रिकामी आहे.

आता एक हिशोब करू. एक लिटर टोल्यूइन पूर्ण उडाले तर त्याची वाफ साधारण २३५ लिटर होते. हवेत टोल्यूइनची वाफ १.१ टक्क्याच्या पुढे गेली की ठिणगीने पेट घेते. वीस हजार लिटर जागेत २३५ लिटर म्हणजे जवळपास १.२ टक्के. म्हणजे तळाच्या खळग्यात, नोझलच्या कोपऱ्यात किंवा गाळाच्या थरात मिळून फक्त एक लिटर राहिले, तरी ते अख्खी टाकी पेटण्याजोगी करायला पुरेसे आहे. माणसाच्या जिवाचा आकडा तर याहून फार लहान आहे. ५०० पीपीएम टोल्यूइन ही तातडीच्या धोक्याची पातळी मानतात, तिथे श्वसनयंत्राशिवाय थांबायचेच नाही. या टाकीत ती गाठायला चाळीस-पंचेचाळीस मिलिलिटर लागते. अर्धी कटिंग.

आपल्या हवामानात गोष्ट आणखी बिकट होते. तीस अंशाला टोल्यूइनची भरलेली वाफ हवेत पावणेपाच टक्क्यांच्या आसपास असते. पेट घेण्याची हद्द १.१ पासून ७.१ टक्क्यांपर्यंत आहे. डोंबिवलीच्या साध्या दिवशी बंद टाकीतली हवा या हद्दीच्या बरोबर मध्ये बसलेली असते. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की ती बहुधा वरच्या हद्दीपलीकडे राहते. टोल्यूइनला तेवढीही सवलत नाही. मॅनहोलचे गंजलेले बोल्ट ग्राइंडरने कापणे हा म्हणूनच या कामातला सर्वांत वाईट मुहूर्त ठरतो.

कामाची सुरुवात मॅनहोल उघडून होत नाही. ती कागदावर होते. टाकीला किती तोंडे आहेत ते टाकीभोवती फिरून, हात लावून मोजायचे. ऑफिसमधल्या ड्रॉइंगवर विसंबायचे नाही, कारण दहा वर्षांत कोणीतरी एक लाइन वाढवलेलीच असते. आपल्या टाकीला समजा सहा आहेत : टँकर रिकामा करायची लाइन, पंपाकडे जाणारी आउटलेट, पंपाकडून परत येणारी रिटर्न लाइन, नायट्रोजनची लाइन, तळाचा ड्रेन आणि वरचा व्हेंट.

बहुतेक ठिकाणी इथे सांगतात, ‘सगळे व्हॉल्व्ह बंद केलेत, साहेब.’ व्हॉल्व्ह बंद करणे म्हणजे लाइन तोडणे नव्हे. जुना बॉल व्हॉल्व्ह किंवा गेट व्हॉल्व्ह पासिंग असतो, म्हणजे बंद असूनही थोडा सोडतो. सीटवर गंजाचा कण अडकला तरी पुरते. रोजच्या कामात दिवसाला अर्धा लिटर पास झाले तर कुणाच्या लक्षातही येत नाही; वरचा हिशोब आठवला तर तेवढ्याने टाकीत काय होईल ते कळते. शिवाय व्हॉल्व्ह कुणीही उघडू शकतो. दुसऱ्या पाळीतला ऑपरेटर, ज्याला आत माणूस आहे हे माहीत नाही, तो सवयीने उघडतो.

खरा उपाय दोनच प्रकारचा. एक, टाकीजवळचा पाइपाचा तुकडा काढून टाकायचा आणि लाइनच्या उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज बसवायचा. दोन, फ्लँजच्या मध्ये पोलादी ब्लाइंड घालायचा, दोन्ही बाजूंना गॅस्केट आणि सगळे बोल्ट पूर्ण आवळलेले. ब्लाइंड टाकीच्या नोझलला जितका जवळ तितका चांगला, नाहीतर ब्लाइंड आणि टाकी यांच्यामधल्या पाइपात साचलेले सॉल्व्हंट आतच येते. त्याची जाडी लाइनच्या दाबाला पुरणारी हवी. पत्र्याचा तुकडा किंवा भोक नसलेले गॅस्केट हा ब्लाइंड नाही, जरी बाहेरून तसाच दिसला तरी. ब्लाइंडला बाहेर डोकावणारी शेपटी असावी आणि तिच्यावर नंबर असावा. फ्लँज उघडताना आधी लाइनमधला माल काढून घ्यायचा, मग आपल्या पलीकडच्या बाजूचे बोल्ट आधी सैल करायचे, म्हणजे उरलेला दाब आणि शिंतोडे अंगावर येत नाहीत. पंपाचा स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे. किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात ठेवली की ती कुणी मागायला येत नाही.

सहापैकी दोन लाइन लोक हमखास विसरतात. पहिली नायट्रोजनची. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तो फक्त ऑक्सिजनची जागा घेतो, आणि ऑक्सिजन फार कमी झाला की माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. पासिंग व्हॉल्व्हमागची नायट्रोजनची लाइन रात्रभर टाकीत सुटत राहिली तर सकाळी टाकी ‘बिनवासाची आणि स्वच्छ’ वाटते.

दुसरी व्हेंट. अनेक युनिटमध्ये तीन-चार टाक्यांचे व्हेंट वर एका कॉमन हेडरला जोडलेले असतात. आपण एक टाकी साफ करतोय आणि शेजारच्या टाकीत टँकर रिकामा होतोय, तर त्या टाकीत जितके लिटर येते तितकी वाफ बाहेर ढकलली जाते, आणि तिला जायला आपल्या टाकीचा रस्ता मोकळा असतो. सकाळी मीटरने शून्य दाखवलेली टाकी अकरा वाजता टँकर आल्यावर भरते. म्हणून व्हेंट टाकीपाशी सोडवायचा, हेडरच्या तोंडावर ब्लाइंड मारायचा आणि टाकीचे तोंड मोकळे ठेवायचे, म्हणजे टाकी श्वास घेऊ शकते. आणि त्या दिवशी टँकर घ्यायचा नाही. हे खरेदी विभागाला आधी सांगावे लागते, नाहीतर गेटवर टँकर उभा राहिला की वाद होतो आणि वादात टँकर जिंकतो.

लाइन तुटल्या की वाफ काढायची. लहान टाकीला सोपी आणि स्वस्त रीत पाण्याची आहे. खालून नळी सोडून टाकी सावकाश पाण्याने भरायची. वरून जोराने धार सोडली तर शिंतोड्यांतून स्थिर वीज तयार होते. पाणी चढते तशी वाफ व्हेंटच्या तोंडातून उंचावर निघून जाते. तेवढ्या वेळात आसपास वेल्डिंग, गाडी, मोबाइल, काही नको. टोल्यूइन पाण्यावर तरंगते, म्हणून तो थर वरच्या नोझलमधून ड्रममध्ये आधी काढून घ्यायचा. ही पायरी गाळली आणि पाणी सरळ तळातून सोडले, तर तरंगणारे टोल्यूइन पुन्हा खाली येऊन गाळावर बसते आणि सगळी मेहनत फुकट जाते. पाणी ईटीपीत जाईल, पावसाळी गटारात नाही. एक सावधगिरी : पाणी टोल्यूइनपेक्षा जड आहे. पायांवर उभी असलेली, खालून गंजलेली जुनी टाकी काठोकाठ भरण्याआधी तिचे पाय तपासा.

मग ब्लोअर. टोल्यूइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड आहे, ती तळाशी बसते. वरच्या मॅनहोलवर पंखा ठेवून हवा फिरवली तर वरची हवा बदलते, तळची तशीच राहते. म्हणून बाजूच्या, तळाजवळच्या मॅनहोलमधून डक्टने ओढून उंचावर सोडायची आणि वरून ताजी हवा आत येऊ द्यायची. पंखा आणि त्याची मोटर फ्लेमप्रूफ, किंवा हवेवर चालणारा एअर मूव्हर. डक्ट, पंखा आणि टाकी अर्थिंगच्या तारेने एकमेकांना जोडलेली. ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडायचा नाही. ‘गुदमरतंय म्हणून ऑक्सिजन दिला’ हे ऐकायला बरे वाटते, पण त्या हवेत तेलकट कपडासुद्धा भडकतो.

गणिताने पाहिले तर पावणेपाच टक्के वाफ ५० पीपीएमवर आणायला टाकीची हवा सातेक वेळा बदलली की पुरे. मिनिटाला दहा घनमीटर ओढणाऱ्या पंख्याला त्याला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. प्रत्यक्षात तास जातात, आणि पंखा बंद केला की आकडा पुन्हा चढतो. कारण गाळ.

टोल्यूइनच्या टाकीतला गाळ म्हणजे गंज, धूळ, पाणी आणि चिकट झालेला माल यांचा लगदा. वरून सुकून पापडी धरतो. त्या पापडीमुळे वाफ आत अडकते आणि वर ठेवलेल्या मीटरला काही कळत नाही. माणूस आत उतरतो, पहिलाच फावडा मारतो, पापडी फुटते, आणि त्याच्या तोंडापासून दोन-तीन फुटांवर ताजी वाफ सुटते. उतरताना ठणठणीत असलेला माणूस दहाव्या मिनिटाला का पडतो, याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्या हातातल्या फावड्यात असते. सांडपाण्याच्या टाकीत हेच हायड्रोजन सल्फाइडबाबत होते. तो गाळात बुडबुड्यांसारखा कोंडलेला असतो आणि गाळ ढवळला की एकदम सुटतो. कुजक्या अंड्यांचा वास आधी येतो, पण शंभर पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होते. ‘आता वास गेला’ हे वाक्य तिथे वायू गेल्याचे नसते, नाक गेल्याचे असते.

यावरून काढायचा नियम असा : गाळ शक्य तितका बाहेर उभे राहूनच काढायचा. तळाच्या मॅनहोलमधून लांब दांड्याचे लाकडी किंवा पितळी खोरे, पाण्याचा फवारा आणि हवेवर चालणारा स्लज पंप. आत उतरायचे ते उरलेल्या दोन-चार घमेल्यांसाठी. हा गाळ घातक कचरा आहे. झाकणबंद ड्रममध्ये भरून, लेबल लावून, नोंद करून तो तळोज्याच्या प्रक्रिया केंद्रात जायला हवा. तो शेडमागे उघड्यावर ठेवला तर रात्रभर वाफ सोडत राहतो, आणि ती वाफ उतारावरून उघड्या मॅनहोलकडे परत येते.

आता मीटर. चार वायूंचे मीटर ठाणे-डोंबिवलीत भाड्याने मिळते, पण ते वाचता आले पाहिजे. आधी ऑक्सिजन पाहायचा, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. क्रमाला कारण आहे : ज्वलनशीलतेचा नेहमीचा सेन्सर वायू जाळून मोजतो आणि जळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत तो खोटा कमी आकडा देतो. बाहेर उभे राहून नळीने वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी हवा ओढायची, आणि नळी जितकी लांब तितका थांबून आकडा वाचायचा.

ऑक्सिजन ठीक म्हणजे सगळे ठीक, हा समज आपल्या टाकीवर तपासून पाहा. टोल्यूइनच्या वाफेने पूर्ण भरलेल्या टाकीतही ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम १९.९ वर येतो. १९.५ ही खालची हद्द, म्हणजे ऑक्सिजनचा आकडा ‘पास’, आणि टाकी मात्र एका ठिणगीची वाट पाहतेय. उलट नागपाड्यासारख्या पाण्याच्या टाकीत किंवा आतून गंजत महिनोन् महिने बंद राहिलेल्या लोखंडी टाकीत विषारी वायू शून्य असूनही ऑक्सिजन संपलेला असू शकतो. म्हणून एकाच आकड्यावर विसंबणे नाही.

आणखी एक सापळा ‘दहा टक्के एलईएल’चा. मीटरने पेट घेण्याच्या खालच्या हद्दीच्या दहा टक्क्यांहून कमी दाखवले की आत जायला हरकत नाही, असे सरसकट सांगितले जाते. तो निकष आगीचा आहे. १.१ टक्क्याचे दहा टक्के म्हणजे ११०० पीपीएम, तातडीच्या धोक्याच्या दुप्पट. शिवाय मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेले असेल तर टोल्यूइनचा आकडा ते निम्मा किंवा त्याहून कमी दाखवते. पाच टक्के वाचणारा माणूस आपण फारच सुरक्षित आहोत असे समजतो. टोल्यूइनसारख्या सॉल्व्हंटला श्वासासाठी पीपीएममध्ये मोजणारे पीआयडी मीटर मागवा. ते नसेल तर हवा पुरवणारे श्वसनयंत्र लावल्याशिवाय कुणालाही आत पाठवू नका. कंदील किंवा मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी रीत विहिरीतही अर्धवट होती; इथे तीच ठिणगी आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६व्या कलमाने घातलेली अट मुद्दाम लक्षात ठेवावी, कारण ती फार व्यवहारी आहे. सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी दाखला द्यायचा. नाहीतर आत जाणाऱ्याने श्वसनयंत्र आणि पट्टा लावायचा, पट्ट्याला दोर, आणि दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. त्याच कायद्यात हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा नसावा असेही होते. कायदे आता नव्या संहितेत गेले, तरी दोराचे ते टोक बाहेरच राहायला हवे.

दाखला म्हणजे परमिट, आणि परमिट त्या पाळीपुरते. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजायचे. काम चालू असताना मीटर आतल्या माणसाच्या छातीवर लटकलेले असावे, ऑफिसच्या टेबलावर नाही. तोंडावर बांधलेला रुमाल काहीच करत नाही. कार्ट्रिजचा मास्क वाफ थोडी अडवतो, पण ऑक्सिजन देत नाही. बाहेरून हवा पुरवणारा एअरलाइन मास्क किंवा पाठीवरचा सिलिंडरच लागतो. सिलिंडर लावून माणूस मॅनहोलमधून आतबाहेर होतो का, हे आदल्या दिवशी टाकीबाहेर करून पाहा. अनेक जुन्या टाक्यांची तोंडे इतकी अरुंद असतात की तो होत नाही, आणि हे कळायची वेळ चुकीची ठरते.

बाहेर बसलेल्या माणसाला एकच काम. त्याला चहा आणायला पाठवायचे नाही, ‘जरा तो पाना दे’ म्हणायचे नाही. आतल्याने ओ दिली नाही तर तो दोर ओढणार, तिपाईवरच्या विंचने वर घेणार, आरडाओरडा करणार, १०१ किंवा ११२ ला फोन करणार. आत जाणार नाही. हे आधी म्हणवून घ्या, त्याच्याकडून, सगळ्यांसमोर. सख्खा भाऊ किंवा गाववाला आत पडलेला दिसला की माणूस विचार करत नाही, म्हणून शक्यतो त्या जागी नातेवाईक बसवू नये. कल्याणच्या विहिरीत गेलेल्या पाचांपैकी दोघांचा तर उतरणे आणि वाचवणे हाच पेशा होता.

घोडबंदर रोडवरच्या किंवा कल्याण-डोंबिवलीतल्या सोसायट्यांसाठी थोडक्यात. एसटीपीच्या टाकीची ‘लाइन’ म्हणजे वरच्या तीनशे फ्लॅटचा मैला. त्यांना दोन तास फ्लश करू नका असे सांगून भागत नाही. येणारी लाइन बायपास करायची किंवा तोंडात फुगवायचा प्लग बसवायचा. गाळ सक्शनच्या गाडीने बाहेरूनच खेचायचा. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये भरपाई तीस लाख केली. हजार-पंधराशेत टाकी साफ करून देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा : मीटर कुठे आहे? तो मीटर दाखवण्याऐवजी हसला, तर काम देऊ नका.

आपल्या टोल्यूइनच्या टाकीकडे परत येऊ. गाळ निघाला, टाकी पुसली, माणसे बाहेर आली, मोजली. मॅनहोलचे नवे गॅस्केट बसले. आता ब्लाइंड काढायचे, त्याच यादीवरून, नंबर पाहून, एकेक खूण करत. इथे घाई होते, कारण प्लांटला टाकी हवी असते. सहा घातले होते; पाच टेबलावर आहेत. सहावा बहुधा व्हेंटचा, कारण तो वर आहे आणि संध्याकाळी शिडीवर चढायचा कंटाळा असतो. तो तसाच राहिला आणि फिटरने व्हेंटचा पाइप परत जोडून टाकला, तर पहिल्यांदा पंपाने टाकीतून माल ओढायला सुरुवात करताच, हवा आत यायला वाट नसल्याने, वीस हजार लिटरची लोखंडी टाकी तोंड दाबून ओढलेल्या पाण्याच्या बाटलीसारखी आत बसते. सहावा हातात येईपर्यंत परमिटवर सही नको.